आपल्याच संस्थेतील जुन्या विद्यार्थ्यांच्या लेखनाशी माझा लघुप्रबंध जुळतो आहे. अहवाल कसा वाचावा आणि उत्तर काय द्यावे?

नदीकाठ (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार. मी पुण्यातील एका महाविद्यालयात पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात शिकते. मुळा-मुठेच्या पाण्याची गुणवत्ता हा माझ्या लघुप्रबंधाचा विषय आहे आणि विठ्ठलवाडी, संगम पूल, बंडगार्डन व मुंढवा या चार ठिकाणांहून मी सात महिने नमुने घेतले आहेत. लघुप्रबंध इंग्रजीत आहे. गेल्या शुक्रवारी विभागाने तो टर्निटिन या साम्य तपासणाऱ्या प्रणालीवर तपासला, तेव्हा साम्य ३८ टक्के निघाले.

मला धक्का बसला तो आकड्यापेक्षा स्रोत पाहून. संकेतस्थळांचा वाटा जेमतेम ३ टक्के आहे. उरलेल्या ३५ टक्क्यांसमोर `Submitted to` आणि त्यापुढे आमच्याच संस्थेचे नाव आहे, खाली `Student Paper` असे लिहिले आहे. त्यावर टिचकी मारली तर मूळ लेखन उघडत नाही. मार्गदर्शक सरांनी अहवाल पाहून एवढेच विचारले, "आपल्याच मुलांचं दिसतंय. कुणाचं उतरवलंस?" मला त्यावर उत्तर देता आले नाही, कारण कोणाचे आणि कोणते लेखन जुळते आहे हेच मला दिसत नाही. सोमवारपर्यंत, म्हणजे बरोबर आठवड्याभरात, लेखी खुलासा द्यायचा आहे. असे का होते आणि खुलाशात काय लिहावे, हे जाणकारांनी सांगितल्यास उपकार होतील.

संगणकपेठ (सोमवार, रात्री १०.०५)

घाबरण्याचे कारण नाही. हा सगळा सेटिंगचा प्रश्न आहे. अहवाल काढताना संदर्भसूची वगळायची असते, अवतरणे वगळायची असतात आणि विद्यार्थ्यांच्या लेखनाचा साठासुद्धा तुलनेतून काढून टाकता येतो. तो काढला की तुमचे ३५ टक्के जातील आणि ३ उरतील. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाप्रमाणे १० टक्क्यांच्या आत असले की प्रश्न मिटतो. विभागाच्या समन्वयकांना तेवढे करायला सांगा. तरीही काही राहिलेच तर त्या वाक्यांतील शब्द बदला.

शोधयात्री (सोमवार, रात्री १०.३१)

माझ्या माहितीप्रमाणे हे शोधगंगेमुळे होते. पीएच.डी.चे प्रबंध पदवी मिळाल्यावर इन्फ्लिबनेटच्या शोधगंगेवर जातात आणि ते सर्वांना खुले असतात. आपण शोधगंगेवर शीर्षकाने शोध घ्यावा, म्हणजे कोणाचा प्रबंध जुळतो ते कळेल. मी माझ्या तिसऱ्या प्रकरणाच्या वेळी असेच शोधले होते.

वाचनकक्ष (मंगळवार, सकाळी ८.१५)

मी पुण्यातीलच एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते आणि गेली नऊ वर्षे विद्यार्थ्यांचे साम्य अहवाल काढून देणे हा माझ्या कामाचा भाग आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

शोधयात्री, आपण म्हणता ते पीएच.डी.च्या बाबतीत खरे आहे, परंतु शोधगंगेवरील प्रबंध जुळला तर अहवालात त्या संकेतस्थळाचा पत्ता येतो. `Student Paper` ही खूण निराळी आहे. कोणत्या तरी संस्थेच्या खात्यातून पूर्वी तपासायला दिलेली फाइल साठ्यात राहिलेली आहे, एवढाच तिचा अर्थ. ती फाइल इंटरनेटवर कुठेही नसते, त्यामुळे शोधून सापडणार नाही. ती एखाद्या ज्येष्ठ विद्यार्थ्याची असेल, वर्गमित्राची असेल किंवा, नदीकाठ, ती तुमची स्वतःचीही असू शकेल. प्रणाली माणूस ओळखत नाही, तिला फक्त संस्थेचे नाव आणि फाइल दिल्याची तारीख ठाऊक असते.

म्हणून माझा पहिला प्रश्न असा: हाच लघुप्रबंध किंवा त्याची काही प्रकरणे यापूर्वी कधी तपासायला दिली होती का? मधल्या आढाव्याच्या वेळी विभाग बहुधा मसुदा तपासतो. एकाच असाइनमेंटमध्ये, म्हणजे शिक्षकांनी फाइली घेण्यासाठी उघडलेल्या एकाच खणात, फाइल पुन्हा चढवली तर जुनी जाऊन नवी बसते आणि ती स्वतःशी जुळत नाही. परंतु मसुदा एका असाइनमेंटमध्ये आणि अंतिम प्रत दुसऱ्या असाइनमेंटमध्ये गेली, किंवा मसुदा सरांच्या खात्यातून आणि अंतिम प्रत ग्रंथालयाच्या खात्यातून गेली, तर प्रणालीच्या दृष्टीने ती दोन वेगळी लेखने होतात. मसुदा तपासताना `no repository` हा पर्याय निवडला नसेल तर तो साठ्यात कायमचा राहतो आणि तुमच्याच अंतिम प्रतीसमोर उभा ठाकतो. माझ्याकडे घाबरून येणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांची गोष्ट इथेच उलगडते.

ज्या व्यक्तीने अहवाल काढला तिला ३५ टक्क्यांच्या त्या ओळीचा तपशील उघडायला सांगा. आत एकेक फाइल तारखेसह दिसते. त्या तारखा इथे लिहा.

संगणकपेठ, संदर्भसूची वगळण्याबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे. पण विद्यार्थ्यांचा संपूर्ण साठाच तुलनेतून काढण्याचा सल्ला मी देणार नाही. त्याने साम्य नाहीसे होत नाही, ते झाकले जाते एवढेच. पुढे कोणी तोच लघुप्रबंध नेहमीच्या पद्धतीने तपासला तर ३८ टक्के पुन्हा समोर येतील, आणि त्या वेळी उत्तर देणे आजच्यापेक्षा फार अवघड असेल.

हडपसरकर (मंगळवार, सकाळी ११.२०)

आमच्या घरी असेच घडले म्हणून लिहितो. मुलगा अभियांत्रिकीला आहे. चौघांनी मिळून एक प्रकल्प केला आणि अहवाल एकच लिहिला, पण शिक्षकांनी तो प्रत्येकाला आपापल्या नावाने चढवायला सांगितला. मुलाने मंगळवारी चढवला तेव्हा साम्य ४ टक्के होते. रविवारी मुदत संपली आणि सोमवारी पाहतो तर त्याच अहवालावर ९६ टक्के. मुलाने एक अक्षरही बदललेले नव्हते. विभागप्रमुखांनी चौघांना बोलावून घेतले आणि पोरगा दोन दिवस जेवला नाही. चढवल्यानंतर आकडा आपोआप वाढतो तरी कसा, हे मला अजून समजलेले नाही.

वाचनकक्ष (मंगळवार, दुपारी १.१०)

हडपसरकर काका, असाइनमेंट तयार करताना शिक्षक असा पर्याय निवडू शकतात की अहवाल लगेच मिळावा आणि मुदत संपल्यावर तो पुन्हा एकदा तयार व्हावा. त्या दुसऱ्या वेळी एका वर्गातील सर्व मुलांच्या फाइली एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात. मंगळवारी आपल्या मुलासमोर इतर तिघांचे लेखन नव्हते, रविवारनंतर ते आले. गटाने मिळून एकच अहवाल दिला असेल तर ९६ टक्के हा अपेक्षित आकडा आहे. शिक्षकांनी गटातर्फे एकच फाइल घेतली असती तर हा प्रसंग उद्भवलाच नसता. गटाच्या नेमणुकीचे पत्र किंवा प्रकल्पाच्या नोंदवहीतील चौघांच्या सह्यांचे पान जोडले, तर एवढ्यावरच खुलासा पुरा होतो.

नदीकाठ (मंगळवार, सायंकाळी ७.०५)

वाचनकक्ष मॅडम, तुमचा अंदाज खरा ठरला. तपशिलात तीन फाइली आहेत. एक गेल्या डिसेंबरची आहे. पहिली दोन प्रकरणे मी तेव्हाच सरांना मेलने पाठवली होती आणि त्यांनी ती आपल्या खात्यातून तपासली होती, म्हणजे ती फाइल माझीच असली पाहिजे. दुसरी २०१९ च्या मे महिन्यातील आहे आणि तिसरी २०२२ ची. पहिलीसमोर २४, दुसरीसमोर १३ आणि तिसरीसमोर ४ टक्के लिहिले आहेत. मात्र यांची बेरीज ४१ होते आणि वरच्या ओळीत ३५ आहेत, हे मला कळले नाही.

आता माझा मसुदा वगळला की ३८ वजा २४, म्हणजे १४ टक्के उरतील, असे मी सरांना सांगितले तर चालेल का?

वाचनकक्ष (मंगळवार, रात्री ९.३०)

नाही, ते सांगू नका. १४ येणार नाहीत, जास्त येतील, आणि सांगितलेला आकडा चुकला तर तुमच्या इतर बोलण्यावरचाही विश्वास कमी होईल.

याचे कारण तुम्हाला न जुळलेल्या बेरजेतच आहे. अहवालात एखादा परिच्छेद ज्या रंगाने रंगवलेला असतो त्या रंगाचा स्रोत हा त्या मजकुराचा एकमेव स्रोत नसतो. एकच ओळ तीन ठिकाणी सापडली तर मुख्य दृश्यात ती एकाच्याच खात्यावर मांडली जाते, आणि ज्याच्याशी सर्वांत मोठे साम्य आहे त्याला ती सहसा मिळते. इतर स्रोत त्याच्याखाली दबलेले राहतात. सर्व स्रोतांच्या यादीत मात्र प्रत्येकाचे संपूर्ण साम्य वेगवेगळे लिहिलेले असते, म्हणून ती बेरीज नेहमी जास्त भरते. तुमचा डिसेंबरचा मसुदा सर्वांत वर आहे. तो वगळला की त्याखालचा थर उघडा पडेल. त्या मसुद्यातच २०१९ च्या फाइलीशी जुळणारा मजकूर असेल तर तो आता तिच्या नावाने दिसू लागेल.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्या. रंगवलेला स्रोत म्हणजे तुम्ही जिथून उतरवले ती जागा, असे नसते. २०१९ च्या विद्यार्थ्याने एखाद्या शासकीय अहवालातून एक परिच्छेद घेतला असेल आणि तुम्हीही तोच अहवाल वाचून, संदर्भ देऊन तो घेतला असेल, तर साम्य त्या विद्यार्थ्याशी दिसेल. तुम्ही त्याचे नावही ऐकलेले नसेल. त्यासाठी वरचा स्रोत तात्पुरता वगळून खाली काय निघते ते पाहावे लागते.

उद्या समन्वयकांसमोर बसून एवढे करा. आधी मूळ अहवाल जसा आहे तसा उतरवून घ्या, त्याला हात लावू नका. मग फक्त डिसेंबरची फाइल वगळून दुसरा अहवाल काढा. २०१९ ची फाइल तुम्हाला उघडता येणार नाही, पण तुमच्या सरांना ती मागता येते. ती त्यांच्याच वर्गातील असेल तर लगेच दिसेल. संस्थेतील दुसऱ्या शिक्षकाच्या वर्गातील असेल तर त्यांच्याकडे परवानगीची विनंती जाऊ शकते. ते शिक्षक संस्था सोडून गेले असतील तर विनंतीला उत्तर येत नाही. तेव्हा ग्रंथालयातील छापील प्रत काढून समोरासमोर ताडणे हाच मार्ग उरतो, आणि खरे तर तोच सर्वांत चांगला आहे.

टिळकरोड (बुधवार, सकाळी ९.५०)

नदीकाठ ताई, या गडबडीत बाहेरच्या दुकानात साम्य कमी करून घ्यायला अजिबात जाऊ नका, म्हणून मुद्दाम लिहितो. दोन वर्षांपूर्वी मी एम.कॉम.चा लघुप्रबंध एका झेरॉक्सच्या दुकानात पानाला ठरावीक पैसे देऊन तपासून घेतला होता. दुकानदाराने ६ टक्क्यांचा कागद दिला. पंधरा दिवसांनी महाविद्यालयात तपासणी झाली तेव्हा ८९ टक्के आले, आणि स्रोत म्हणून एका अशा परदेशी विद्यापीठाचे नाव होते ज्याचे नाव मी आयुष्यात ऐकले नव्हते. दुकानदाराने कुणाचे तरी खाते वापरून माझी फाइल तिथे चढवली होती. ती फाइल माझीच आहे हे सिद्ध करायला मला दोन महिने लागले. दुकानाची पावती नव्हती आणि त्या विद्यापीठाने पत्राला उत्तर दिले नाही. शेवटी माझ्या संगणकातील वर्डच्या जुन्या फाइली आणि मार्गदर्शक मॅडमना वेळोवेळी पाठवलेले मेल पाहून समितीने माझे म्हणणे मान्य केले, पण माझे एक सत्र वाया गेले.

वाचनकक्ष (बुधवार, सकाळी १०.४०)

टिळकरोड यांनी सांगितलेले अक्षरशः खरे आहे आणि असे प्रसंग मी स्वतः हाताळले आहेत. स्वतःच्या संस्थेतील मसुदा निदान आपल्या प्रशासकाच्या आवाक्यात असतो. शिक्षकांनी विनंती केली आणि प्रशासकाने मान्यता दिली तर तो साठ्यातून कायमचा काढता येतो. शिक्षकांनी आपल्या यादीतून नुसती नोंद पुसली तर मात्र ती साठ्यातून जात नाही, आणि ही चूक फार जण करतात. दुसऱ्या संस्थेच्या खात्यात गेलेली फाइल आपल्या हातात उरत नाही.

नदीकाठ (बुधवार, सायंकाळी ६.२०)

आज दुपारी समन्वयकांकडे बसले. डिसेंबरची फाइल वगळल्यावर २१ टक्के आले. त्यात २०१९ च्या फाइलीचे १३, २०२२ च्या फाइलीचे ४ आणि बाकीचे किरकोळ ४ आहेत. मी सरांना १४ सांगितले असते तर खोटी ठरले असते.

मग संदर्भसूची वगळली. प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, ऋणनिर्देश आणि अनुक्रमणिका ही सुरुवातीची पाने फाइलीतून काढली. प्रमाणपत्राचा नमुना विभाग सर्वांना एकच देतो, त्यामुळे ते जुळणारच होते. सलग १४ शब्दांपर्यंतची लहान साम्ये वगळली तेव्हा १२ टक्के उरले. त्यातले ९ टक्के २०१९ च्या फाइलीचे आहेत.

संगणकपेठ (बुधवार, सायंकाळी ६.५५)

पाहा, सेटिंगनेच ३८ चे १२ झाले. आता तीनच टक्के खाली आणायचे आहेत. दोन परिच्छेदांतील शब्द बदलले तरी पुरेल.

वाचनकक्ष (बुधवार, रात्री ८.४५)

संगणकपेठ, आधीचे २६ टक्के गेले ते योग्य कारणाने गेले. आयोगाची २०१८ ची नियमावलीच संदर्भ, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश आणि उचित श्रेयासह दिलेली अवतरणे वगळायला सांगते. सामान्य ज्ञानाचे किंवा योगायोगाने जुळणारे सलग १४ शब्दांपर्यंतचे शब्दप्रयोगही ती साम्यात धरत नाही. उरलेल्या ९ टक्क्यांसाठी असे कोणतेही कारण अजून आपल्यासमोर नाही. दहाच्या आत आणणे हा उद्देश ठेवला तर चुकीचे परिच्छेद तसेच राहतील आणि भलतेच शब्द बदलले जातील.

नदीकाठ, आता मी जे विचारते त्याचे उत्तर इथे दिले नाही तरी चालेल, पण स्वतःला खरे द्या. ते ९ टक्के कोणत्या पानांवर आहेत, आणि तो मजकूर तुम्ही लिहिला आहे की कोणाच्या फाइलीतून घेतला आहे?

नदीकाठ (गुरुवार, रात्री १२.३५)

मॅडम, उत्तर इथेच देते, कारण लपवून काही मिळणार नाही.

जुळणारा मजकूर दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे अभ्यासक्षेत्राचे वर्णन, म्हणजे पुण्याचे अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची ५६० मीटर उंची, पर्जन्यमान आणि संगमाजवळ मुळा व मुठा एकत्र येऊन पुढे भीमेला मिळतात इथपर्यंतचे सव्वा पान. दुसरे म्हणजे कार्यपद्धतीच्या प्रकरणातील तीन पाने. आमच्या प्रयोगशाळेत एक फाइल वर्षानुवर्षे फिरते. पेन ड्राइव्हवर ती आम्हा सर्वांना मिळते आणि तिच्यात विद्राव्य ऑक्सिजन, बीओडी, सीओडी, नायट्रेट यांच्या पद्धती लिहिलेल्या आहेत. ती विभागाची आहे असे मी समजत होते. आज ग्रंथालयातून २०१९ चा छापील लघुप्रबंध काढला तेव्हा कळले की ती त्या ताईंनी लिहिलेली आहे. अभ्यासक्षेत्राचे सव्वा पानही मी त्यांच्याच फाइलीतून घेतले होते आणि संदर्भ दिला नव्हता.

पण मला झोप येत नाही ती दुसऱ्याच गोष्टीमुळे. दोन्ही लघुप्रबंध शेजारी ठेवून ओळीने वाचताना माझ्या ५२ व्या पानावर मला असे वाक्य दिसले की बीओडीच्या, म्हणजे पाण्यातील सूक्ष्मजीव किती ऑक्सिजन वापरतात ते मोजण्याच्या, बाटल्या २० अंश सेल्सिअसला पाच दिवस ठेवल्या. आम्ही तसे केलेलेच नाही. गेल्या वर्षीपासून आमच्या प्रयोगशाळेत २७ अंशांना तीन दिवस ठेवतात आणि माझ्या सातही महिन्यांच्या नोंदवहीत तेच लिहिलेले आहे. त्या ताईंसाठी ते वाक्य खरे होते. माझ्यासाठी ते खोटे आहे, आणि माझे सर्व आकडे त्या वाक्याखाली छापले जाणार होते.

निवृत्त_मास्तर (गुरुवार, सकाळी ७.३०)

मी रसायनशास्त्र शिकवत होतो. पोरी, हे तुला परीक्षकाने दाखवण्याआधी तू स्वतः पाहिलेस, हे चांगले झाले. २७ अंशांना तीन दिवस ही भारतीय मानक ३०२५ च्या भाग ४४ मधील पद्धत आहे आणि आपल्या हवामानाला ती धरून आहे. ती आणि पाच दिवसांची पद्धत या एक नव्हेत. पद्धत चुकीची छापली असती तर तुझे आकडे दुसऱ्या कुणाच्या आकड्यांशी ताडणाऱ्याची फसगत झाली असती.

तरीही एका बाबतीत माझा मतभेद नोंदवतो. प्रमाण पद्धतीचे वर्णन प्रत्येकाने नव्या शब्दांत लिहावे, हा आग्रह मला पटत नाही. विद्राव्य ऑक्सिजन मोजण्याची विंकलरची पद्धत सगळीकडे एकच आहे. तीनशे मिलिलिटरची बाटली बुडबुडा न राहता भरायची, मँगनस सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड जागेवरच घालायचे, यात शब्द फिरवून काय साधणार? शब्द फिरवताना पुष्कळदा अर्थच बिघडतो. आमच्या वेळी "मिसळावे"च्या जागी "ढवळावे" लिहिणारे विद्यार्थी होते, आणि ढवळल्याने बाटलीत हवा शिरते.

वाचनकक्ष (गुरुवार, सकाळी ११.००)

सर, शब्द फिरवू नयेत याबद्दल आपले एकमतच आहे. नियमावलीतील सूट मात्र सामान्य संज्ञा, कायदे, प्रमाण चिन्हे आणि प्रमाण समीकरणे यांना आहे, पद्धतीच्या अख्ख्या परिच्छेदांना नाही. त्यामुळे माझे सांगणे असे की पद्धत पुन्हा लिहूच नये. प्रमाण ग्रंथाचा क्रमांक देऊन एका वाक्यात तिचे नाव घ्यावे आणि उरलेली जागा स्वतः काय केले यासाठी ठेवावी. नमुना किती वाजता घेतला, पुलाच्या कोणत्या बाजूने घेतला, किती वेळात प्रयोगशाळेत पोहोचला, किती पट विरल केला, उबवणीपेटी किती अंशांवर होती, हे लिहावे. असा परिच्छेद २०१९ च्या लघुप्रबंधाशी जुळूच शकत नाही, कारण त्या दिवशी त्या पुलावर त्या ताई उभ्या नव्हत्या.

नदीकाठ, अभ्यासक्षेत्राच्या पानासाठीही तेच करा. पुणे महापालिका दरवर्षी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल काढते. तो स्वतः उघडून, त्याचा संदर्भ देऊन, तुमच्या चार ठिकाणांना लागू पडेल तेवढेच लिहा. अक्षांश-रेखांश कोणाचेही जुळतील, त्याची चिंता करू नका.

खुलासा एक पानाचा असावा. त्यात ३८ हा मूळ आकडा पहिल्याच वाक्यात असावा. डिसेंबरची फाइल तुमचीच आहे याला पुरावा म्हणून सरांना मसुदा पाठवल्याचा मेल, त्याची तारीख आणि त्या तपासणीचा क्रमांक द्यावा. काय काय वगळले आणि का वगळले, ते लिहून दोन्ही अहवाल जोडावेत. आणि उरलेल्या मजकुराबद्दल तुम्ही इथे लिहिलेत तसेच सरळ लिहावे की हा भाग प्रयोगशाळेतील सामाईक फाइलीतून घेतला होता, तिचे मूळ २०१९ च्या लघुप्रबंधात आहे हे आता समजले आहे आणि तो भाग पुन्हा लिहिला आहे. बीओडीची दुरुस्तीही तिथेच नोंदवा. "नकळत झाले" एवढेच लिहून थांबू नका, कारण समितीला काय घडले ते हवे असते.

हडपसरकर (गुरुवार, दुपारी २.१५)

मॅडम, १२ टक्क्यांना शिक्षा काय असते? मुलाच्या वेळी कोणीतरी नोंदणी रद्द होते असे सांगितले होते.

वाचनकक्ष (गुरुवार, दुपारी ३.४०)

काका, नोंदणी रद्द होणे हे ६० टक्क्यांहून अधिक साम्यासाठी आहे. १० ते ४० टक्क्यांच्या टप्प्यात सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत द्यायला सांगतात, आणि ४० ते ६० च्या टप्प्यात वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही. हे टप्पे मूल्यमापनासाठी सादर केलेल्या प्रतीला लागतात. नदीकाठ यांची प्रत अजून सादर झालेली नाही, ही तपासणी त्याआधीची आहे. आपल्या मुलाची बाब तर आणखी वेगळी आहे, कारण त्या नियमावलीच्या व्याख्येतून प्रकल्प अहवाल, असाइनमेंट आणि उत्तरपत्रिका वगळलेल्या आहेत. त्यांना संस्थेचे स्वतःचे नियम लागतात.

संगणकपेठ (गुरुवार, सायंकाळी ५.३०)

मग नदीकाठ यांच्या कामाला तरी ती नियमावली लागते का? आमच्याकडे एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रातील कामाला "प्रकल्प" म्हणतात.

वाचनकक्ष (गुरुवार, रात्री ९.१०)

प्रश्न योग्य आहे. व्याख्येत पदव्युत्तर पदवीसाठी दिलेला लघुप्रबंध येतो आणि प्रकल्प अहवाल येत नाही. एकाच प्रकारच्या कामाला एक महाविद्यालय हे नाव देते आणि दुसरे ते. मी दोन्ही अर्थ लावलेले पाहिले आहेत. खुलासा मात्र दोन्ही परिस्थितींत तोच राहील.

नदीकाठ (पुढील मंगळवार, रात्री ८.५०)

काल खुलासा दिला. अभ्यासक्षेत्र आणि कार्यपद्धती ही दोन्ही प्रकरणे नोंदवही समोर ठेवून पुन्हा लिहिली. तीन पानांची दीड पानेच झाली. नवी फाइल मुद्दाम त्याच असाइनमेंटमध्ये चढवली आणि डिसेंबरचा मसुदा वगळून साम्य ४ टक्के आले. सरांनी दोन्ही अहवाल आणि मेलची प्रत पाहिली, बराच वेळ ५२ वे पान वाचत बसले आणि मग सही केली. डिसेंबरचा मसुदा साठ्यातून काढण्याची विनंती करायला मात्र ते तयार नाहीत. तो राहू द्यावा, तुझाच आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. भविष्यात मी यावर शोधनिबंध लिहिला तर तो पुन्हा आडवा येईल, अशी मला भीती वाटते.

आणखी एक गोष्ट राहिली आहे. २०२२ ची जी फाइल होती तिचा छापील लघुप्रबंधही मी पाहिला. त्यातही बीओडी २० अंशांना पाच दिवस असेच लिहिले आहे. त्या वर्षी कोणत्या तापमानाला बाटल्या ठेवल्या होत्या, हे मला माहीत नाही.

निवृत्त_मास्तर (बुधवार, सकाळी ७.१०)

उबवणीपेटीची नोंदवही प्रयोगशाळेत असेल. ती पाहा आणि सरांना दाखव. ते आकडे पुढच्या मुलांनी तुलनेसाठी वापरलेले असू शकतात.

वाचनकक्ष (बुधवार, सकाळी १०.२५)

सर, नोंदवही तिच्या मार्गदर्शकांनी पाहावी, असे मला वाटते. दुसऱ्या विद्यार्थ्याच्या पूर्ण झालेल्या कामाची चौकशी हिने सुरू करावी, हे मला योग्य वाटत नाही. हिने फक्त आपल्या खुलाशात सामाईक फाइल जुनी झाली आहे एवढे एक वाक्य लिहिले, तर विभागाला पुढचे कळेल.

मसुद्याबद्दल इतकेच सांगते की त्या तपासणीचा क्रमांक आणि मेल एका फोल्डरमध्ये सांभाळून ठेवा. शोधनिबंध पाठवताना त्याचा आधार हा लघुप्रबंध आहे हे संपादकांना आधीच कळवा.

नदीकाठ (बुधवार, सायंकाळी ७.४०)

ते वाक्य आज पुरवणी पत्रात लिहून दिले. सरांनी पेन ड्राइव्ह मागून घेतला आहे.